या चुका टाळा: प्रॉक्सी, प्रीव्ह्यू रिझोल्यूशन आणि शार्पनेसचा फसवा निकाल

टाइमलाइनवर ४के क्लिप टाकली आणि चित्र अडखळायला लागलं, की बहुतेकांचा हात आधी एडिटिंगच्या प्रीमियर प्रोमध्ये प्रोग्रॅम मॉनिटरखालच्या `Full` कडे, म्हणजे प्लेबॅक रिझोल्यूशनकडे जातो. तिथे `1/4` केलं तरी क्लिप अडखळतच राहते. मग लॅपटॉप जुना झाला असं ठरवून माणूस रॅमचे भाव बघायला लागतो.

इथे पहिली चूक होते. प्लेबॅक रिझोल्यूशन आणि प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती बनवलेली मूळ फाइलची हलकी प्रत, या दोन वेगळ्या दुखण्यांच्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. कॅमेऱ्यातून आलेल्या एच.२६५ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम्स पूर्ण असतात, बाकीच्यांत आजूबाजूच्या फ्रेम्सपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून एक फ्रेम दाखवायलासुद्धा संगणकाला तिच्या शेजारच्या फ्रेम्स उलगडाव्या लागतात, आणि तेही पूर्ण ४के आकारात. `1/4` केल्यावर त्या उलगडलेल्या चित्रावरचं पुढचं काम हलकं होतं, उलगडण्याचं ओझं जवळपास तेवढंच राहतं. १०-बिट ४:२:२ फुटेज असेल तर आणखी अवघड. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिकेआधीची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, त्यामुळे इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकसारखी सोय नसेल, तर सगळा भार सीपीयूवर येतो.

आपलं दुखणं कोणतं ते दोन मिनिटांत कळतं. मॉनिटरखालच्या पान्याच्या चिन्हावरच्या मेनूतून `Show Dropped Frame Indicator` चालू करा. आता क्लिपवरचे सगळे इफेक्ट बंद करून प्ले करा. हिरवा ठिपका पिवळा झाला, तर नुसती फाइल उलगडतानाच दमछाक होतेय, प्रॉक्सी बनवा. उघडी क्लिप सुरळीत चालली आणि कलर किंवा नॉइज रिडक्शन लावल्यावर ठिपका पिवळा झाला, तर प्रॉक्सीची गरज नाही. `1/2` करा, किंवा तेवढा तुकडा रेंडर करून घ्या.

प्रॉक्सी कितीची बनवावी? ४केसाठी १९२०×१०८० आणि कोडेक प्रोरेस प्रॉक्सी, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून टाइमलाइनवर पुढे-मागे ओढतानाही चित्र लगेच येतं. २५ फ्रेम्सच्या एक तास फुटेजला साधारण १७ जीबी जागा लागते. जागा वाचवायला ९६०×५४० बनवता येते, पण ती कुठे अंगाशी येते ते पुढे दिसेलच.

आता शार्पनेस. एक मुलाखत घ्या. ८५ एमएमची लेन्स, एफ/१.८, फुल-फ्रेम कॅमेरा, बोलणारी व्यक्ती दीड मीटरवर. या मापात फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम तीन सेंटीमीटर असते. बोलता बोलता माणूस थोडा मागे रेलला, की डोळ्यांवरचा फोकस नाकाच्या शेंड्यावर येतो. डोळे पार धूसर होत नाहीत. पापण्यांच्या कडा दोन-तीन पिक्सेल पसरतात, इतकंच. पण १०८०च्या प्रॉक्सीत मूळच्या चार पिक्सेलचा एक पिक्सेल होतो, म्हणजे तो पसरटपणा एका पिक्सेलच्या आसपास येतो आणि चित्र छान कोरीव वाटतं. फोकस चुकलेला टेक प्रॉक्सीवर असा सहज पास होतो.

यावर अनेकजण म्हणतात, मी पॉज करून बघतो, `Paused Resolution` तर `Full` आहे. सेटिंग बरोबर आहे, पण प्रॉक्सी चालू असताना ते `Full` प्रॉक्सीचं असतं. पॉज केल्याने मूळ फाइल येत नाही. मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हातून `Toggle Proxies` चं बटण खाली आणून ठेवा. ते निळं दिसत असेल तोवर फोकसबद्दल काहीही ठरवू नका.

बटण बंद केलं तरी एक फसवणूक उरते, ती `Fit` ची. लॅपटॉपवर प्रोग्रॅम मॉनिटरची खिडकी फार तर हजार पिक्सेल रुंद असते. त्यात ३८४० पिक्सेलचं चित्र कोंबलं की ते शार्पच दिसणार. झूम `100%` करा, डोळ्यांपर्यंत सरका आणि तिथे बघा. फ्रेम निवडतानाही जपा: मान वळत असतानाची फ्रेम १/५०च्या शटरला धूसरच येते. तो हालचालीचा ब्लर आहे, फोकसची चूक नाही. माणूस क्षणभर स्थिर असेल तिथे थांबा.

याच्या उलट अन्यायही होतो, आणि तो मला जास्त खटकतो, कारण त्यात चांगला शॉट फुकट जातो. समजा याच मुलाखतीची सीक्वेन्स १९२०×१०८० आहे. ४के क्लिपचा `Scale` ५० ठेवून मोठी चौकट मिळते आणि १०० केला की तोच शॉट क्लोज-अप होतो. १००वर मूळ फाइलचे बरोबर १९२०×१०८० पिक्सेल पडद्यावर येतात, म्हणजे काहीही ताणलं जात नाही. पण प्रॉक्सी ९६०×५४०ची असेल तर त्याच भागात तिचे फक्त ४८०×२७० पिक्सेल असतात आणि ते चौपट ताणले जातात. चेहरा मेणाचा दिसतो. शूटिंग बिघडलं म्हणून एडिटर क्लोज-अप काढून टाकतो, आणि मूळ फाइलमध्ये मात्र पापणीन् पापणी मोजता येते. झूम करून कापायचं असेल तर ५४०ची प्रॉक्सी नको, ती यासाठीच.

यातूनच माप ठरतं. शॉट त्या फिल्ममध्ये सर्वांत मोठा जिथे वापरलाय, तिथेच त्याचा फोकस तपासा. १०८०मध्येच द्यायचं असेल आणि शॉट फक्त ५०वर वापरला असेल, तर ४केच्या पिक्सेलवर दिसणाऱ्या बारीक पसरटपणापायी तो टेक टाकू नका. प्रेक्षकाला तो दिसणारच नाही. तोच टेक क्लोज-अपमध्ये जाणार असेल तर मात्र सूट देऊ नका.

शार्पनिंग इफेक्टची किंमत तर प्रॉक्सीवर ठरवूच नये. बारीक तपशील प्रॉक्सीत गळालेला असतो, म्हणून माणूस `Amount` वाढवत नेतो. एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतं, तिथे तपशील असतो आणि नॉइजही असतो. मग केसांभोवती पांढऱ्या कडा आणि भिंतीवर वळवळणारे दाणे येतात. नॉइज रिडक्शनचंही तसंच: आकार कमी करताना दाणे आपोआप मिसळून जातात, त्यामुळे प्रॉक्सीवर भिंत स्वच्छच वाटते.

एक्स्पोर्ट झालेली फाइलच मऊ दिसली, तर लेन्सला दोष देण्याआधी दोन खुणा बघा. प्रीमियरमध्ये प्रॉक्सी चालू राहिली असली तरी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतं, पण सेटिंगमध्ये `Use Proxies` ला टिक असेल तर नाही. दुसरी खूण `Use Previews`: सीक्वेन्सचे प्रीव्ह्यू कमी दर्जाच्या फॉरमॅटमध्ये रेंडर झाले असतील, तर तेच फायनलमध्ये जातात. हे ओळखू येतं, कारण टाइमलाइनवर हिरवी पट्टी असलेले तुकडेच मऊ दिसतात, बाकीचे ठीक असतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पेजवर `Use proxy media` बघा, आणि एडिट करताना मूळ फाइल हवी तेव्हा `Playback` मेनूतल्या `Proxy Handling` मध्ये `Prefer Camera Originals` निवडा.

कामाचा क्रम मी असा ठेवतो: कट पूर्ण प्रॉक्सीवर लावायचा. कट ठरला की प्रॉक्सी बंद करून प्रत्येक शॉटच्या एका स्थिर फ्रेमवर `100%` ला थांबायचं आणि फोकस चुकलेल्यांना मार्कर लावायचा. या फेरीत प्लेबॅक अडखळला तरी बिघडत नाही, थांबलेली फ्रेमच बघायची असते. पर्यायी टेक शोधणं यानंतर, आणि शार्पनिंग व नॉइजचं काम सर्वांत शेवटी, प्रॉक्सी बंद ठेवूनच.