दोन आडनावं घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

लग्नानंतर मला माहेरचं आडनाव सोडायचं नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे सासरचं जोडलं. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जोशी कुलकर्णी, मध्ये नुसती मोकळी जागा. न्यू जर्सीत आल्यावर सोशल सिक्युरिटीच्या खिडकीवरच्या बाईंनी गोड हसून कागद घेतले आणि दहा-बारा दिवसांनी कार्ड घरी आलं. त्यावर आडनाव नुसतं कुलकर्णी. 'जोशी' वडिलांच्या नावामागे मिडल नेममध्ये जाऊन बसलं होतं. मंडळातल्या जुन्या लोकांना विचारलं तर म्हणाले, "अगं, इथे सगळं चालतं." आपल्या मंडळींचा हा आवडता सल्ला आहे आणि आडनावाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

इथे सवय अशी की नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, बाकी सगळं त्याच्या आधीचं. ब्रिटनमध्ये व्हॉन विल्यम्स या संगीतकाराचं दोन शब्दी आडनाव जोडरेघ नसतानाही 'व्ही'खाली सापडतं. इथल्या एखाद्या कारकुनाने त्यांना नुसतं विल्यम्स करून टाकलं असतं. जोडरेघ असली की दोन्ही शब्द एकत्र राहण्याची शक्यता वाढते. पण पासपोर्टवर ती नसेल तर आपल्या मनाने घालू नका. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग आय-९४ ही देशात शिरल्याची नोंद, मग सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स, अशी ही साखळी आहे आणि प्रत्येक कडी मागच्या कडीकडे बघते.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, त्यातली पहिली एकदा नीट वाचा:

```
P<INDJOSHI<KULKARNI<<SNEHAL<PRAKASH
```

एक खूण म्हणजे त्याच नावातला पुढचा शब्द. सलग दोन खुणा आल्या की आडनाव संपलं. जोडरेघेला या ओळीत जागाच नाही, तिच्याऐवजीही हीच खूण येते. खिडकीवर वाद झाला तर हीच ओळ बोटाने दाखवा. आय-९४ उतरल्याच्या आठवड्यातच ऑनलाइन काढून बघा. तिथेच आडनाव फुटलं असेल तर आधी ते कस्टम्सच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसकडून दुरुस्त करून घ्या, कारण सोशल सिक्युरिटीवाले इमिग्रेशनच्या कागदावरचंच नाव उचलतात.

आता माझी महागात पडलेली चूक. कार्डावरचा घोळ मी तसाच राहू दिला. पहिल्या वर्षी टॅक्स भरताना आडनावाच्या रकान्यात पासपोर्टप्रमाणे JOSHI KULKARNI टाकलं आणि रिटर्न नाकारून परत आलं. कोड होता R0000-500-01. मी आकडे तीनदा तपासले, पण दोष आकड्यांत नव्हताच. टॅक्स खातं सोशल सिक्युरिटी नंबराबरोबर आडनावाची पहिली चार अक्षरं ताडून बघतं. माझ्या फॉर्मवरून JOSH जात होतं आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीवरून त्यांच्याकडे होतं KULK. हे माहीत नसल्याने मी वैतागून कागदी रिटर्न पोस्टाने पाठवलं आणि रिफंडची पाच महिने वाट पाहिली. खरं तर कार्डावर होतं तसं नुसतं KULKARNI टाकून पुन्हा पाठवलं असतं तर काम झालं असतं.

म्हणून कार्ड हातात पडलं की आधी आडनाव बघा. चुकलं असेल तर एसएस-५ फॉर्म भरा, पासपोर्ट आणि आय-९४ घेऊन जा. पैसे पडत नाहीत. फॉर्मवर फर्स्ट, मिडल आणि लास्ट असे वेगळे रकाने आहेत, लास्टमध्ये दोन्ही शब्द लिहा आणि कारकून टाइप करत असताना "दोन्ही मिळून एकच आडनाव आहे" असं तोंडानेही सांगा. संकोच करू नका. दुरुस्ती झाली की ऑफिसच्या पेरोलला कळवा, नाहीतर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, जुन्याच नावाने येईल. लायसन्सला लगेच दुसऱ्या दिवशी धावू नका, नोंद त्यांच्यापर्यंत पोचायला दोन-तीन दिवस द्या.

काही ऑनलाइन फॉर्म जोडरेघ घेत नाहीत, लाल अक्षरात ओरडतात. तिथे मोकळी जागा ठेवा. तीही घेत नसेल तर शब्द जोडून JOSHIKULKARNI लिहा. पण एक शब्द गाळू नका आणि मिडल नेममध्ये ढकलू नका, कारण चिकटलेलं आडनाव बघणाऱ्याच्या लक्षात येतं, अर्धं मात्र दुसऱ्याच माणसाचं वाटतं. विमानाच्या तिकिटावर ते बहुधा असंच चिकटून येतं, त्यासाठी फोन करत बसू नका.

मूल इथे जन्मलं तर हॉस्पिटलमधल्या जन्मनोंदीच्या फॉर्मवर नवऱ्याला एकट्याला सही करू देऊ नका. आमच्याकडे धाकट्याचं आडनाव कुलकर्णी आणि मोठीचं जोशी कुलकर्णी आहे, आणि विमानतळावर दरवेळी मी दोघांचीही आई असल्याचं सांगत उभी असते.