चिटची बोली लावण्याआधी उरलेले महिने मोजा

चिट म्हणजे लिलावाची भिशी; जो जास्त रक्कम सोडतो, तो त्या महिन्याची चिट उचलतो. मागच्या वेळी पंधराव्या महिन्यात चिट उचलली आणि स्वस्तात पडली म्हणून मी खूश होतो. हिशेब नंतर मांडला. या वेळी तो लिलावाआधी मांडायचा.

चिट नोंदणीकृत आहे ना, हे बघालच. करारनाम्यात चिट चालवणाऱ्या फोरमनचं कमिशन वाचा. 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्याने ते 7 टक्क्यांपर्यंत घेता येतं. आमच्याकडे 5 होतं. हा आकडा लागतोच, कारण शेवटच्या सभासदाच्या हातात किती पडणार ते त्यावरून कळतं. 20 जण, हप्ता 5,000, चिट एक लाखाची, शेवटच्याला 95,000.

मी 15,000 सोडून 85,000 उचलले. भरलेले हप्ते आणि पुढचे हप्ते या हिशेबात आणू नका. चिट आज उचला की शेवटी, हप्ते भरायचेच आहेत आणि सोडलेल्या रकमेतून सगळ्यांना वाटला जाणारा डिव्हिडंडही जवळपास तोच मिळणार. प्रश्न एवढाच, आज 85,000 घ्यायचे की शेवटी 95,000. म्हणजे 85,000 वापरण्यासाठी मी 10,000 मोजले; कमिशनचे 5,000 तर कसेही गेलेच असते.

आता उरलेले महिने मोजा. मी हे केलं नाही. लाखावर 15 टक्के सोडले, चिट 20 महिन्यांची, म्हणजे वर्षाला 9 टक्के, असं मनाशी धरून बसलो. पण पैसे मला विसाव्या महिन्याच्या फक्त 5 महिने आधी मिळत होते! पाच महिन्यांत 11.8 टक्के, वर्षाला सरळ 28. चक्रवाढीने 30.6:

```
=(95000/85000)^(12/5)-1
```

आठव्या महिन्यात एकाने 25,000 सोडले तेव्हा मला ते फार वाटले होते. त्याला 75,000 बारा महिने वापरायला मिळाले, 20,000 मध्ये. दर 26.7, माझ्यापेक्षा कमीच. शेवटाकडे सूट लहान दिसते म्हणून फसू नका. उरलेले महिने मोजा.

आणि ते लिलावाच्या तारखेपासून मोजू नका, पैसे खात्यात येतील त्या दिवसापासून मोजा. माझ्या जामीनदाराची पगारपत्रं मिळेपर्यंत महिना गेला, उरले चार. दर सरळ 35 वर गेला. जामीनदाराचे कागद आधी गोळा करा.

चिट बचतीसाठी असेल तर प्रत्यक्ष भरलेले हप्ते उणे, मिळालेली रक्कम अधिक, महिन्यावार मांडा आणि IRR, म्हणजे परताव्याचा दर, काढा. पुढचे डिव्हिडंड अंदाजाचे असतात, कमीच धरा.

शेवटी आपली मर्यादा कागदावर लिहून जा. सोनेतारण 12 टक्क्यांनी मिळत असेल तर पाच महिन्यांचे 5 टक्के. 95,000 भागिले 1.05, म्हणजे सुमारे 90,500. त्याखाली बोली गेली की गप्प बसा.