एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर देताना या चुका टाळा

समजा, तुम्ही ऑनलाइन पितळी समया विकता. एका ग्राहकाने एक तारा देऊन लिहिले आहे, "फोटोत मोठी दिसते, हातात आली तर खेळण्याएवढी. शुद्ध फसवणूक." वर्णनात 'उंची ६ इंच' असे लिहिलेले आहे आणि ग्राहकाच्या नजरेतून ते सुटले आहे. अशा वेळी पहिले वाक्य सुचते ते "वर्णन नीट वाचून ऑर्डर द्यायला हवी होती" हेच, आणि नेमके तेच टाळायला हवे. बोलणे खरे असले तरी त्यात दोष ग्राहकाच्या माथी जातो, आणि ते वाचणारा पुढचा ग्राहक स्वतःला त्याच्याच जागी पाहतो. वाक्याचा कर्ता ग्राहक नव्हे, तर वस्तू किंवा वर्णन असावे:

"नमस्कार. समई अपेक्षेपेक्षा लहान निघाल्याने आपली निराशा झाली, याचे वाईट वाटते. या समईची उंची ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर आहे आणि ती वर्णनात किमतीखालच्या दुसऱ्या ओळीत दिलेली आहे. मात्र फोटोत शेजारी दुसरी वस्तू नसल्याने आकाराचा अंदाज येणे अवघड जाते, हे मान्य आहे. समई न वापरता परत पाठवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यासाठी कृपया ऑर्डरच्या पानावरून संदेश पाठवावा."

तपशील एकदाच आणि तो कुठे सापडेल हे सांगून दिला आहे. 'फसवणूक' या शब्दाला उत्तर दिलेले नाही, कारण तो खोडायला गेलात की वाद सुरू होतो. ऑर्डर क्रमांक, पत्ता किंवा खाजगी संदेशातील मजकूर पुरावा म्हणून चारचौघांत मांडू नये. "अभिप्राय काढलात तर पैसे परत देऊ" असेही कुठे लिहू नये; गूगलसारख्या ठिकाणी अशी देवघेव नियमाविरुद्ध आहे.

घाईही नडते. एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेत्याने जाहीर उत्तर दिले की ग्राहकाला आपला अभिप्राय बदलता येत नाही. म्हणून तिथे आधी खाजगी संदेश पाठवून वाट पाहावी आणि मगच जाहीर लिहावे.

सर्वांत वाईट चूक मात्र वेगळीच आहे: तक्रार आल्यावर गुपचूप वर्णनात उंची घालायची आणि मग "हे स्पष्ट लिहिलेच होते" म्हणायचे. ऑर्डरच्या दिवशी तो तपशील तिथे नसेल, तर हे उत्तर लागूच पडत नाही. सरळ माफी मागून पैसे परत द्यावेत. तपशील होता, पण मोबाइलवर 'अधिक वाचा' दाबल्याशिवाय दिसत नव्हता, असेही पुष्कळदा आढळते, म्हणून उत्तर लिहिण्याआधी ते पान स्वतः फोनवर उघडून पाहावे. तीच तक्रार दुसऱ्या ग्राहकाकडूनही आली, तर उंची थेट शीर्षकात घालावी आणि समईशेजारी काडेपेटी ठेवून नवा फोटो काढावा.