मेलची शेवटची ओळ: पाठवण्याआधीची तयारी

समजा, सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे. सेक्रेटरींकडे तीन कोटेशन आली आहेत आणि वार्षिक सभा रविवारी, 27 सप्टेंबरला आहे. ते समितीला मेल लिहितात, तिन्ही पीडीएफ जोडतात आणि शेवटी लिहितात, ‘सर्वांनी पाहून आपले मत कळवावे.’ मग एक जण ‘छान’ लिहितो, दुसरा वॉरंटीबद्दल विचारतो, तिसरा चौथ्या ठेकेदाराचं नाव सुचवतो आणि बाकीचे गप्प बसतात. यांतल्या कोणीही चूक केलेली नाही, कारण मत मागितलं होतं आणि मत कशाबद्दल, केव्हापर्यंत, कोणत्या स्वरूपात द्यायचं हे मेलमध्ये नव्हतंच. तीच मेल पुन्हा लिहायची तर तयारी कशी करावी, ते या यादीत आहे.

सगळ्यात आधी शेवटची ओळ लिहा आणि वरचा मजकूर नंतर. या मेलमुळे आपल्या हातात नेमकं काय यायला हवं, हे एका वाक्यात मांडता आलं पाहिजे. इथे सेक्रेटरींना चर्चा नको आहे. सभेच्या विषयपत्रिकेत समितीची शिफारस म्हणून कोणतं कोटेशन छापायचं, एवढंच त्यांना हवं आहे. हे वाक्य जमत नसेल, तर मेल लिहायची वेळ अजून आलेली नाही. आधी अध्यक्षांना फोन करून ठरवायचं काय आहे ते पक्कं करावं. अर्धवट विचार मेलवर टाकला की तो पूर्ण करायचं काम वाचणाऱ्यावर पडतं, आणि ते काम सहसा कोणी करत नाही.

मग तारीख. ती मनाने न ठरवता मागे मोजत यावी. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे नोटीस देण्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस धरायचे नाहीत. सभा 27 ला, तर नोटीस उशिरात उशिरा शनिवारी, 12 सप्टेंबरला हातात पडली पाहिजे. छपाई आणि वाटपाला एक दिवस, म्हणजे मजकूर शुक्रवारी तयार हवा आणि उत्तरं गुरुवारी, 10 तारखेला रात्री 9 पर्यंत. हे गणित मेलमध्ये एका वाक्यात जरूर द्या: ‘12 तारखेला नोटीस द्यायची आहे, म्हणून.’ कारण कळलं की तारीख पाळली जाते. कारण न सांगितलेली तारीख लोकांना सोयीची सूचना वाटते. ‘लवकरात लवकर’ लिहू नये आणि ‘उद्यापर्यंत’ही लिहू नये, कारण मेल दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणाऱ्याचा उद्या वेगळा असतो. नुसतं ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटलं तर शुक्रवार धरायचा की नाही, हा प्रश्न उरतो. म्हणून वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहावं.

त्यानंतर उत्तराचा साचा तयार ठेवा. पुष्कळ जण मेल मोबाइलवर, प्रवासात किंवा जेवणानंतर वाचतात. दोन परिच्छेद टाइप करावे लागतील असं दिसलं की ‘नंतर बघू’ म्हणून मेल बाजूला पडते. तीन कोटेशनना अ, ब, क अशी अक्षरं द्या आणि उत्तरात एकच अक्षर मागा. मात्र त्यासाठी निवडायला लागणारी माहिती मेलमध्येच असली पाहिजे. प्रत्येक कोटेशनसाठी एक ओळ पुरते: एकूण रक्कम जीएसटीसह, वॉरंटी किती वर्षांची, काम किती दिवसांत. तिन्ही रकमा एकाच पायावर आणायला विसरू नका. एकात कर धरलेला आणि दुसऱ्यात नाही, असं असलं तर पहिलंच उत्तर ‘यात जीएसटी आहे का?’ असं येतं आणि धागा तिथून भरकटतो. ‘यांपैकी कोणतंच नको’ हाही पर्याय ‘ड’ म्हणून ठेवा आणि तो निवडणाऱ्याने कारण एका ओळीत लिहावं, असं सांगा. तो नसला तर नापसंती असलेले सभासद गप्प राहतात आणि सभेत उभे राहून बोलतात.

शेवटच्या ओळीत मागणी एकच असावी. त्याच मेलमध्ये सभेसाठी हॉल सुचवायला सांगितलं, तर सगळी उत्तरं हॉलबद्दल येतील, कारण ते सोपं आहे. हॉलसाठी वेगळी मेल करा. कोणाकडून उत्तर हवं आहे तेही तपासा: ज्यांनी उत्तर द्यायचं आहे ते To मध्ये, ज्यांना नुसतं माहीत असावं ते Cc मध्ये. खजिनदारांकडून वेगळं काही हवं असेल, उदाहरणार्थ दुरुस्ती निधीतली शिल्लक, तर त्यांना स्वतंत्र मेल जावी. सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती प्रत्येकाला दुसऱ्यासाठी असल्यासारखी वाटते.

आता वाक्यरचना. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘सहकार्य मिळावे ही विनंती’ अशी वाक्यं सवयीने उमटतात. ती नम्र असतात, पण त्यांत करणारा कोणीच नसतो. वयाने मोठ्या सभासदांना लिहितानाही आदर न सोडता कर्ता आणता येतो: ‘आपण गुरुवार, 10 सप्टेंबर, रात्री 9 पर्यंत याच मेलला उत्तर म्हणून अ, ब, क किंवा ड एवढंच कळवावं.’ यात उद्धटपणा कुठेही नाही. हे वाक्य स्वतंत्र ओळीवर ठेवा आणि त्याच्याखाली फक्त नाव येऊ द्या. ‘काही शंका असल्यास निःसंकोच विचारा’ ही ओळ त्यानंतर जोडली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेवटी तीच राहते. शंकांसाठी जागा द्यायचीच असेल तर ती वर, कोटेशनच्या माहितीखाली द्या. विषयाच्या ओळीतही मागणी आणि तारीख यावी: ‘वॉटरप्रूफिंग: अ/ब/क/ड कळवा, 10 सप्टेंबर रात्री 9 पर्यंत’.

गप्प राहणाऱ्यांचं काय धरायचं, हे आधीच ठरवून लिहावं. बैठकीची वेळ सात की साडेसात, अशा बाबतीत ‘उत्तर न आल्यास सात धरू’ चालतं. पैसे, सही किंवा कोणाची जबाबदारी गुंतलेली असेल तिथे मौनाला होकार मानू नये. पुढे वाद झाला तर ते टिकत नाही. इथेही ‘ज्यांची उत्तरं येतील त्यांच्यावरून शिफारस छापू’ एवढंच म्हणावं. मेलवरची पसंती हा ठराव नव्हे, ठराव सभेतच होईल, हेही एका वाक्यात नोंदवावं.

कधी खरोखरच मत हवं असतं, म्हणजे मसुदा कच्चा असतो आणि काय सुटलं आहे ते कळत नसतं. तेव्हाही प्रश्नाला कुंपण घाला. ‘ब’च्या कोटेशनमधली वॉरंटीची अट वाचून, पाणी पुन्हा झिरपल्यास ठेकेदार किती दिवसांत येईल हे त्यात पुरेसं स्पष्ट आहे का, असं विचारलं तर उपयोगी उत्तर येतं.

आठवण बुधवारी संध्याकाळी, त्याच धाग्यावर, फक्त उत्तर न दिलेल्यांना पाठवा. तीत नवीन मजकूर काहीही नको. तीच मागणी, तीच वेळ. गुरुवारी रात्री 9 नंतर जे आलं त्यावरून निर्णय करून शुक्रवारी सकाळी सर्वांना कळवा: किती जणांनी काय निवडलं, विषयपत्रिकेत काय छापलं जाणार आणि नोटीस कधी वाटली जाणार. या मेलमध्ये कोणाकडूनच काही नको असतं, तेव्हा तेही स्पष्ट लिहा: ‘ही फक्त माहितीसाठी, उत्तराची गरज नाही.’