ताऱ्यांच्या रेघा हव्यात? प्रॉम्प्टमध्ये दिशा लिहा

एआयकडून रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स बनवताना नुसतं ‘ताऱ्यांच्या रेघा’ लिहिलं, तर बऱ्याचदा वर्तुळाचा मध्य थेट डोक्यावर येतो. असं आकाश ध्रुवावर दिसतं, विदर्भात नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. अचलपूरच्या शेतातून उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात, तिथे तो जेमतेम २१ अंशांवर, डोंगरमाथ्याच्या वर पण आकाशात खालच्या बाजूलाच. म्हणून मी असं लिहितो:

“कॅमेरा स्थिर, उत्तरेकडे. खाली डोंगराची सपाट काळी आकृती. तिच्या थोडं वर ध्रुवतारा, त्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू लांबत जाणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा. विरळ ढग डावीकडून उजवीकडे संथ सरकतात.”

तारे तासाला १५ अंश फिरतात, म्हणजे दोन तासांची रेघ ३० अंशांची. पूर्ण वर्तुळं मागितली तर ती एका रात्रीची राहत नाहीत. ‘विरळ’ हा शब्द गाळू नका, दाट ढगांत रेघा तुटतात.

क्लिप आली की आधी डोंगराची कड बघा. काळ्या भागात तारा चमकला किंवा कड हलली, तर ‘कॅमेरा स्थिर’ आणि ‘सपाट काळी आकृती’ हे शब्द अगदी सुरुवातीला आणून पुन्हा चालवा.