निवृत्त अधिकाऱ्याची ज्येष्ठ नागरिक मंडळातली ओळख : या चुका टाळा

प्रार्थना झाली, महिन्याचे वाढदिवस झाले, आणि सचिव म्हणतात, "आज आपल्याकडे नवीन सदस्य आलेत, त्यांनी आपली ओळख करून द्यावी." निवृत्त अधिकारी घसरतात ते इथेच.

जलसंपदा विभागातून निवृत्त झालेल्या कार्यकारी अभियंत्यांचं उदाहरण घेऊ. त्यांची ओळख साधारण अशी होते : कोणत्या साली सहायक अभियंता म्हणून रुजू झालो, मग भंडारा, मग गडचिरोली, मग पुन्हा भंडारा, बढती, प्रतिनियुक्ती, कोणत्या सचिवांनी पाठ थोपटली, आणि शेवटी घाईघाईत "वाचनाची आवड आहे, धन्यवाद". सहा-सात मिनिटं जातात आणि ऐकणाऱ्याच्या हाती बदल्यांची यादी लागते. नागपुरात तर समोर वेकोलि ही कोळसा कंपनी, रेल्वे, वनविभाग, महालेखाकार कार्यालय इथले निवृत्त लोक हमखास असतात. प्रत्येकाकडे अशीच यादी आहे. एखाद्या रांगेत त्याच खात्याचा शिपाई किंवा कालवा निरीक्षकही बसलेला असतो. हुद्दे ऐकले की तो लगेच सावरून बसतो, आणि पुढे वर्षभर "साहेब" सोडून दुसरं काही म्हणत नाही.

दोन मिनिटं पुरतात. सावकाश मराठीत तेवढ्या वेळात दोनशेच्या आसपास शब्द बसतात. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहा, बहुतेकांचं पहिलं रेकॉर्डिंग चार मिनिटांच्या पुढे जातं. कापायची ती नोकरी. तिला तीस सेकंद, सध्याच्या दिवसाला मिनिटभर, उरलेलं मंडळासाठी.

त्याच अभियंत्यांची सुधारलेली ओळख अशी :

"नमस्कार. मी प्रतापनगरला राहतो. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो, बरीच वर्षं गोसीखुर्दच्या कालव्यांवर गेली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सकाळी साडेसहाला अंबाझरीला फिरायला जातो. हार्मोनियम शिकतोय, अजून भूपच चाललाय, त्यामुळे घरचे दार लावून घेतात. कॅरम बरा खेळतो, जोडीदार हवाय. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी कोणाला मोबाईलवर मदत लागली तर मी बसेन."

यात नोकरी लपवलेली नाही. "मी काही विशेष नाही, साधा माणूस" असं म्हणून हुद्दा गिळणं हीसुद्धा चूकच. चार दिवसांत कोणीतरी ओळखतंच, आणि मग तो विनय खोटा वाटतो. कामाचं एक ठिकाण सांगितलं की भंडाऱ्याकडचा माणूस चहाच्या वेळी स्वतःहून येतो. "वाचनाची आवड" ऐकून कोण येणार? आवड सांगताना वेळ, जागा किंवा सध्या कुठवर आलात ते सांगा. राज्य सेवेतून ५८ व्या वर्षी निवृत्ती आणि बहुतेक मंडळांत प्रवेश ६० नंतर, म्हणजे मधल्या काळात काय केलं हे सांगण्यासारखं असतंच.

सर्वांत महागात पडणारं वाक्य : "खात्यात काही काम अडलं तर सांगा." बोलताना ते उदार वाटतं. पण पुढच्याच बैठकीला कोणी सातबारा तर कोणी पुतण्याच्या बदलीचा कागद घेऊन येतो. खुर्ची गेलेली असते, काम होत नाही, आणि रोष मात्र राहतो. मदत देऊ करा ती स्वतःच्या हातानं होणारीच.

पेन्शनचा आकडा, घराचा क्रमांक, "मुलं पुण्याला, आम्ही दोघंच असतो" हे माईकवर नको. सभेत पाहुणे असतात, कोणी व्हिडिओही काढत असतं. फोन नंबर सचिवांच्या वहीत लिहून द्या.

ऐकू जाण्याचंही पाहा. वयानुसार आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ निसटतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही. ओरडल्यानं तो सुटत नाही. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, चेहरा झाकू देऊ नका आणि आडनावानंतर क्षणभर थांबा. खात्यातली इंग्रजी आद्याक्षरं तर पूर्णच टाळा.

कधी चूक तुमची नसतेच. अध्यक्ष उत्साहानं तुमचा सगळा बायोडेटा आधीच वाचून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी सचिवांना तीन ओळींची चिठ्ठी देणं. तरीही वाचलाच तर नोकरीचे तीस सेकंद गाळा आणि थेट अंबाझरीवर या.

ओळख फसली हे चहाच्या वेळी कळतं. कोणी पहिल्या रांगेतली खुर्ची पुढे करतं, "या साहेब" म्हणतं, पण प्रश्न एकही विचारत नाही. पुन्हा भाषण करून ते दुरुस्त होत नाही. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी जा, खुर्च्या मांडायला हात लावा, मागच्या रांगेत बसा आणि कॅरमच्या पाटाकडे वळा. "साहेब" म्हणणाऱ्याला एकदाच "भाऊ म्हणा" सांगा, पुन्हा पुन्हा नको. सवय मोडायला त्यालाही दोन-तीन महिने लागतील.