मेट्रोचं गेट कार्ड वाचत नसेल तर शिल्लक अशी सोडवा

कार्ड वरून धडधाकट दिसतं, तरी गेट उघडत नाही. बहुतेकदा आतली बारीक तार वाकवल्यामुळे तुटलेली असते. आधी पाकिटातून काढून एकटं कार्ड टेकवून पाहा. तरीही वाचलं नाही, तर त्यावर छापलेला क्रमांक ग्राहक सेवा खिडकीवर द्या. चिप मेली तरी त्या क्रमांकावरून सर्व्हरमधली शिल्लक काढता येते. मात्र शेवटचे व्यवहार जुळेपर्यंत परतावा सहसा थांबतो, म्हणून पोचपावती घ्याच. छापील क्रमांक झिजतो. त्याचा फोटो मी आधीच काढून ठेवतो.

अनामतीचा हिशेब वेगळा. भोक पाडलेल्या किंवा चिरलेल्या कार्डाची अनामत बहुधा बुडते. आणि हरवलेलं निनावी कार्ड म्हणजे हरवलेली रोकड. नावावर नोंदवलेलं असेल तरच ते बंद करून शिल्लक मागायची सोय असते.